सेकंडरी अल्कोहोलपासून क्लोराइड किंवा ब्रोमाइड करताना दर बॅचला घूर्णन वेगळे का येते?

एकाच एनॅन्शिओमरचे सेकंडरी अल्कोहोल घेऊन त्याचे क्लोराइड किंवा ब्रोमाइड करणाऱ्यांना एक अडचण वारंवार येते. उत्पन्न बरे असते, एनएमआर वरवर पाहता ठीक दिसतो, पण पोलॅरिमीटरवरचे घूर्णन अपेक्षेपेक्षा कमी भरते. आणि पुढच्या वेळी तीच कृती केली तर आणखी वेगळाच आकडा येतो. अशा वेळी बहुतेक जण “रेसिमायझेशन झाले” असे म्हणून मोकळे होतात. माझ्या मते ते निदान पुरेसे नाही, कारण आकडा कमी येण्याची निदान तीन कारणे असू शकतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. पहिले कारण म्हणजे अभिक्रिया एकाच वेळी दोन मार्गांनी जाणे, दुसरे म्हणजे तयार झालेला हॅलाइड नंतर उलटत राहणे, आणि तिसरे म्हणजे रेसिमायझेशन मुळीच न होता केवळ उरलेल्या अल्कोहोलमुळे आकडा खाली ओढला जाणे. या लेखात उदाहरण म्हणून (R)-2-ऑक्टॅनॉल घेतो, कारण या विषयातील बरेच जुने काम याच संयुगमालेवर झालेले आहे आणि त्यात चिन्हांचा गोंधळ नाही. (R)-2-ऑक्टॅनॉलचे घूर्णन ऋण असते; (S)-2-क्लोरोऑक्टेन आणि (S)-2-ब्रोमोऑक्टेन या दोन्हींचे घूर्णन धन असते. म्हणजे इन्व्हर्जन झाले तर ऋणाचे धन होते आणि रिटेन्शन झाले तर ऋण तसेच राहते. 1-फेनिलएथॅनॉल किंवा लॅक्टिक आम्लाचे एस्टर अशा इतर संयुगांत मात्र चिन्हावरून थेट निष्कर्ष काढू नये; आधी त्या-त्या हॅलाइडच्या R आणि S रूपांची चिन्हे तपासून घ्यावीत.

थायोनिल क्लोराइडच्या बाबतीत पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की अल्कोहोल आणि SOCl2 एकत्र आल्यावर लगेच क्लोराइड तयार होत नाही. आधी क्लोरोसल्फाइट, म्हणजे ROSOCl, तयार होतो आणि HCl बाहेर पडतो. या पायरीत कार्बन-ऑक्सिजन बंध तुटत नाही, म्हणून विन्यासाला धक्का लागत नाही. सेकंडरी अल्कोहोलचा क्लोरोसल्फाइट 0 °से.ला बऱ्यापैकी टिकतो. विन्यासाचा निकाल लागतो तो दुसऱ्या पायरीत, क्लोरोसल्फाइटमधून SO2 निघून कार्बनला क्लोरीन जोडला जातो तेव्हा, आणि त्या क्षणी भोवतालच्या द्रावणात मोकळा क्लोराइड आयन आहे की नाही यावर तो निकाल ठरतो.

पिरिडीन असेल तर बाहेर पडलेला HCl पिरिडीन हायड्रोक्लोराइडच्या रूपात द्रावणातच राहतो, क्लोराइड आयन उपलब्ध असतो आणि तो कार्बनवर मागच्या बाजूने येऊन सल्फाइटचा गट ढकलून देतो. हे साधे SN2 आहे आणि त्यातून इन्व्हर्जन मिळते. पिरिडीन नसेल तर HCl वायुरूपाने निघून जातो; ईथर किंवा डायॉक्सेनमध्ये जो थोडा विरघळलेला राहतो त्याचेही आयनांत फारसे विघटन होत नाही. मग क्लोरोसल्फाइट स्वतःच तुटतो आणि त्याच बाजूने क्लोरीन देतो. डायॉक्सेनमध्ये विद्रावकाचा ऑक्सिजन आधी मागून येऊन बसतो आणि नंतर क्लोराइड त्याच्या मागून येतो, म्हणजे दोनदा इन्व्हर्जन होऊन निव्वळ रिटेन्शन उरते, असे स्पष्टीकरण दिले जाते. लुइस आणि बूझर यांनी 1952-53 मध्ये सेकंडरी अल्किल क्लोरोसल्फाइटांच्या विघटनाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून हे स्पष्ट झाले की डायॉक्सेनमध्ये रिटेन्शन मिळते आणि टोल्युईनसारख्या विद्रावकात कल इन्व्हर्जनकडे जातो. पाठ्यपुस्तकात “SOCl2 एकटे म्हणजे रिटेन्शन, SOCl2 आणि पिरिडीन म्हणजे इन्व्हर्जन” असे एका ओळीत दिलेले असते. ते चुकीचे नाही, पण त्यात विद्रावकाचा उल्लेख गळून जातो आणि प्रत्यक्ष अडचण नेमकी तिथेच उभी राहते.

मार्गांची सरमिसळ कशी होते

समजा 6.5 ग्रॅम, म्हणजे 50 मिलिमोल, (R)-2-ऑक्टॅनॉल घेतले आहे आणि हवे आहे ते इन्व्हर्जन. 60 मिलिमोल पिरिडीन म्हणजे सुमारे 4.8 मिलीलिटर, आणि 55 मिलिमोल थायोनिल क्लोराइड म्हणजे सुमारे 4 मिलीलिटर लागेल. अल्कोहोल आणि पिरिडीन कोरड्या क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन 0 °से.ला थायोनिल क्लोराइड थेंबाथेंबाने सोडले, तर HCl जन्मतःच पिरिडीनला बांधला जातो. उलट क्रमाने, म्हणजे थायोनिल क्लोराइडमध्ये आधी अल्कोहोल सोडून मग पिरिडीन घातले, तर बराच HCl वायू त्याआधीच निघून गेलेला असतो आणि क्लोरोसल्फाइटच्या मानाने क्लोराइड आयन अपुरा पडतो. पिरिडीन “चमचाभर, उत्प्रेरक म्हणून” घातले तरी परिणाम तसाच संमिश्र होऊ शकतो. काही रेणू मागून, काही पुढून, असा प्रकार होतो आणि पिरिडीन नेमके किती पडले यानुसार दर बॅचला प्रमाण बदलते. इन्व्हर्जन हवे असेल तर पिरिडीन अल्कोहोलच्या मोलांपेक्षा थोडे जास्तच हवे, ही अट मी तरी सैल करत नाही.

विद्रावकाचाही विचार करावा लागतो. पिरिडीन हायड्रोक्लोराइड क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमीथेनमध्ये चांगले विरघळते, पण ईथरमध्ये पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. फ्लास्कच्या तळाशी दाट पांढरा थर दिसला की काम सुरळीत चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात ज्या क्लोराइड आयनाने मागून यायचे तोच घनरूपात तळाशी अडकलेला असतो. त्यात कोणी तो गाळ गाळून टाकला आणि गाळलेले द्रावण तापवले, तर उरलेला क्लोरोसल्फाइट जवळजवळ क्लोराइडविरहित ईथरात तुटतो आणि रिटेन्शनचा वाटा वाढतो.

सरमिसळीचे आणखी एक ठिकाण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे रोटाव्हेपर. 0 °से.ला अर्धा तास ढवळून, अभिक्रिया संपली असे समजून विद्रावक उडवला, तर प्रत्यक्षात क्लोरोसल्फाइटच शिल्लक असतो आणि तो पाण्याच्या गरम बाथवर, विद्रावक कमी-कमी होत असताना, जसा जमेल तसा तुटतो. या परिस्थितीत विन्यासाचा निकाल बाथच्या तापमानावर आणि विद्रावक किती वेगाने उडाला यावर जातो, जे दोन दिवशी कधीच सारखे नसते. म्हणून क्लोरोसल्फाइट पूर्ण संपेपर्यंत द्रावण त्याच विद्रावकात, पिरिडीन हायड्रोक्लोराइडसह, क्लोरोफॉर्मच्या उत्कलनाजवळ म्हणजे 60 °से.च्या आसपास ठेवावे. तो संपला की नाही हे टीएलसीवर कळत नाही, कारण सिलिकावरच्या ओलाव्याने क्लोरोसल्फाइट तुटून अल्कोहोलचाच ठिपका दिसतो. थोडासा नमुना काढून प्रोटॉन एनएमआर घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. अल्कोहोलचा CH सुमारे 3.8 ppm ला, क्लोराइडचा सुमारे 4.0 ला, आणि क्लोरोसल्फाइटचा त्याहून बराच खाली, 5 च्या आसपास दिसतो. साधारण 4.5 जवळ काही दिसले तर दोन अल्कोहोल एकाच सल्फरवर बसून डायअल्किल सल्फाइट तयार झालेला आहे, म्हणजे थायोनिल क्लोराइड कमी पडले आहे किंवा जुने झाले आहे. पिवळट झालेले थायोनिल क्लोराइड ऊर्ध्वपातन करूनच वापरावे.

या सगळ्यामागचे गणित साधे आहे, पण ते मनात ठेवले नाही तर नुकसान प्रत्यक्षापेक्षा मोठे भासते. शंभरातले दहा रेणू चुकीच्या मार्गाने गेले, तर मिश्रण 90 आणि 10 असे होते आणि ईई 80 टक्के उरतो. म्हणजे घूर्णनात वीस टक्क्यांची घट दिसली तरी चुकलेले रेणू दहाच टक्के असतात.

आकडा कमी, पण रेसिमायझेशन नाही

आता तिसरे कारण आधी घेतो, कारण कृती बदलण्याआधी ते वगळणे आवश्यक आहे. 2-क्लोरोऑक्टेन साधारण 172 °से.ला उकळते आणि 2-ऑक्टॅनॉल साधारण 179 °से.ला. इतक्या जवळच्या उत्कलनबिंदूंमुळे साध्या ऊर्ध्वपातनाने उरलेले अल्कोहोल वेगळे होत नाही. ते क्लोराइडबरोबरच येते. त्यात अल्कोहोलचे घूर्णन विरुद्ध चिन्हाचे असते आणि त्याचा आकार क्लोराइडच्या घूर्णनाच्या अंदाजे पाव असतो.

समजा ऊर्ध्वपातन करून आलेल्या द्रवात वजनाने 85 टक्के क्लोराइड आणि 15 टक्के अल्कोहोल आहे, आणि क्लोराइड पूर्णपणे (S) आहे, एकही रेणू चुकीच्या मार्गाने गेलेला नाही. शुद्ध क्लोराइडचे घूर्णन 100 मानले, तर 85 टक्क्यांचे 85 होतात. अल्कोहोलचे घूर्णन या मापाने उणे 25 च्या आसपास, म्हणून त्याच्या 15 टक्क्यांचे उणे 4 होतात. बेरीज 81 येते. पोलॅरिमीटरवर हा आकडा पाहणारा माणूस ईई 81 टक्के असे लिहून ठेवील आणि पिरिडीन, विद्रावक, तापमान यांत दोष शोधत बसेल, जेव्हा की विन्यासाच्या दृष्टीने त्या बॅचमध्ये काहीच बिघडलेले नाही. बिघडले आहे ते रूपांतर: क्लोरोसल्फाइट पूर्ण तुटण्याआधीच पाणी घातले गेले आणि उरलेल्या क्लोरोसल्फाइटचे पुन्हा अल्कोहोल झाले.

याची खातरजमा करण्याची एक सुंदर सोय आहे. पाण्याने क्लोरोसल्फाइट तुटताना सल्फर-ऑक्सिजन बंध तुटतो, कार्बन-ऑक्सिजन बंध नव्हे. त्यामुळे परत मिळालेले अल्कोहोल मूळच्याइतकेच शुद्ध (R) असते. सिलिकाच्या छोट्या स्तंभावर पेट्रोलियम ईथर सोडले की क्लोराइड सर्वांत आधी निघून येते आणि अल्कोहोल मागे राहते. दोन्ही वेगळे करून, अल्कोहोलचा अॅसिटेट करून सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कायरल जीसी स्तंभावर तपासावा. अल्कोहोलचा ईई शाबूत असेल आणि स्तंभातून काढलेल्या क्लोराइडचे घूर्णन वर गेले असेल, तर कृती बदलायची गरज नाही, फक्त पाणी घालण्याआधी अधिक थांबायचे आहे. सुरुवातीच्या अल्कोहोलचा ईईसुद्धा याच पद्धतीने, काम सुरू करण्याआधी, मोजून ठेवावा. बाटलीवर लिहिलेला आकडा गृहीत धरून नंतरच्या तोट्याचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

ब्रोमाइडचा प्रश्न वेगळा आहे

PBr3 ने होणारे रूपांतर मुळात इन्व्हर्जनचेच असते. अल्कोहोलचा ऑक्सिजन फॉस्फरसला जोडला जातो, HBr सुटतो, आणि ब्रोमाइड आयन मागून येऊन फॉस्फरसचा गट ढकलतो. येथे रिटेन्शनचा समांतर मार्ग ही मुख्य काळजी नसते. काळजी असते ती HBr ची, आणि ती दोन बाजूंनी असते.

कागदावर एका PBr3 मागे तीन अल्कोहोल वापरले जातात आणि शेवटी H3PO3 उरते. पण ते तिन्ही अल्किल गट सारख्या वेगाने जात नाहीत. फॉस्फरसवरचे ब्रोमीन जसे संपत जातात आणि त्यांच्या जागी अल्कॉक्सी गट येतात, तसा उरलेला गट सोडवणे अवघड होते, आणि डायअल्किल फॉस्फाइट होऊन बसला की अभिक्रिया तिथेच रेंगाळते. फॉस्फरस एनएमआरमध्ये सुमारे 700 हर्ट्‌झचे मोठे विभाजन असलेली जोडी दिसली की हेच घडले आहे असे समजावे, कारण फॉस्फरसला थेट जोडलेल्या हायड्रोजनची ती खूण आहे. अशा वेळी उत्पन्न वाढवण्यासाठी मिश्रण तापवण्याचा मोह होतो. तापवल्यावर HBr उरलेला गट सोडवतो हे खरे, पण त्याच आम्लयुक्त वातावरणात सेकंडरी कार्बनवर धनभाराचे स्वरूप येऊ लागते, विन्यास ढासळतो, आणि शेजारचा हायड्राइड सरकून थोडे 3-ब्रोमोऑक्टेनही तयार होऊ शकते. एनएमआरमध्ये 2-ब्रोमोऑक्टेनचा CH सुमारे 4.1 ppm ला असतो. त्याच्या किंचित वर, 4.0 च्या जवळ, लहानसा वेगळा संकेत दिसला तर या सरकण्याची शंका घ्यावी. त्यामुळे ईई महत्त्वाचा असेल तर उत्पन्नाचा शेवटचा हिस्सा सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 50 मिलिमोल अल्कोहोलसाठी 17 ऐवजी 20 मिलिमोल PBr3 घ्यावे, म्हणजे सुमारे 1.9 मिलीलिटर, ईथरमध्ये थोड्या पिरिडीनसह उणे 10 ते 0 °से.ला सावकाश सोडावे, मग हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, आणि तिथेच थांबावे.

HBr ची दुसरी बाजू म्हणजे तयार झालेल्या ब्रोमाइडचे पुढे काय होते ती. (S)-2-ब्रोमोऑक्टेनवर द्रावणातला दुसरा ब्रोमाइड आयन मागून आला, तर एक ब्रोमीन जाऊन दुसरा येतो, पदार्थ तोच राहतो, पण तो रेणू (R) होतो. हे नुसते तर्काने मांडलेले नाही. 1935 मध्ये लंडनमध्ये ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2-आयोडोऑक्टेन आणि किरणोत्सारी आयोडाइड घेऊन दाखवून दिले, की ॲसिटोनमध्ये आयोडीनची अदलाबदल ज्या वेगाने होते त्याच्या दुप्पट वेगाने घूर्णन नष्ट होते, म्हणजेच प्रत्येक अदलाबदलीत एक इन्व्हर्जन होते. आयोडाइडइतके नसले तरी ब्रोमाइडमध्येही हे घडते. क्लोराइडमध्ये खोलीच्या तापमानाला ते फार सावकाश होते. म्हणूनच ब्रोमाइडचे मिश्रण ब्रोमाइडच्या क्षारासह रात्रभर गरम ठेवणे, किंवा शुक्रवारी करून सोमवारी धुणे, हे ईईच्या मुळावर येते. अभिक्रिया थांबली की लगेच थंड पाण्याने आणि मग बायकार्बोनेटने धुऊन क्षार काढून टाकावा. धुणे न करता सरळ ऊर्ध्वपातन करू नये, आणि हे केवळ विन्यासासाठी नाही: H3PO3 चा गाळ जोरात तापला तर त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो.

दोष मार्गांच्या सरमिसळीत आहे की नंतरच्या अदलाबदलीत, हे ओळखण्यासाठी वेळेनुसार नमुने घ्यावेत. रूपांतर तीस टक्के झाले असताना आणि पूर्ण झाले असताना हॅलाइडचा ईई मोजला, आणि तो दोन्ही वेळा सारखाच कमी निघाला, तर हॅलाइड तयार होतानाच विन्यास बिघडतो आहे; तेव्हा बेस, विद्रावक आणि क्रम यांकडे पाहावे. सुरुवातीला चांगला असून पुढे उतरत गेला, तर तयार माल द्रावणात पडून बिघडतो आहे. तेव्हा तापमान आणि वेळ कमी करावी. PBr3 ची बाटली वारंवार उघडली गेली असेल, विशेषतः कोकणपट्टीतल्या पावसाळी हवेत, तर तिच्यात आधीच HBr साठलेला असतो, आणि त्या बाटलीची पहिली बॅच व शेवटची बॅच यांत फरक पडणे साहजिक आहे.

या सर्व सावधगिरीला मर्यादा आहेत. 1-फेनिलएथॅनॉलसारख्या बेंझिलिक अल्कोहोलात कार्बनवरचा धनभार इतका सहज स्थिरावतो की पिरिडीन घालूनही थोडे रेसिमायझेशन होतेच, आणि पिरिडीनशिवाय तर रिटेन्शन व रेसिमिक यांचे मिश्रण मिळते. अलिलिक अल्कोहोलात प्रश्न विन्यासाच्याही आधी जागेचा असतो: 3-ब्यूटेन-2-ऑल ईथरमध्ये थायोनिल क्लोराइडला दिले तर क्लोरीन द्विबंधाच्या दुसऱ्या टोकाला बसून क्रोटिल क्लोराइड मिळते आणि कायरल कार्बनच नाहीसा होतो. अशा संयुगांसाठी SOCl2 किंवा PBr3 सुधारत बसण्यापेक्षा मार्गच बदलावा. सेकंडरी, साध्या अल्किल साखळीच्या अल्कोहोलसाठी ट्रायफेनिलफॉस्फीन आणि कार्बन टेट्राब्रोमाइड यांची अॅपल अभिक्रिया 0 °से.ला HBr शिवाय चालते, किंवा आधी मेसिलेट करून मग लिथियम क्लोराइड वा ब्रोमाइड देता येते. दोन्हींत इन्व्हर्जनच मिळते, आणि मेसिलेटच्या मार्गात विन्यास ठरवणारी पायरी वेगळी काढलेली असल्यामुळे तिची तपासणीही वेगळी करता येते. रिटेन्शनच हवे असेल तर डायॉक्सेनमध्ये क्लोरोसल्फाइट तापवण्याऐवजी मी आधी मित्सुनोबू अभिक्रियेने अल्कोहोल उलटवून घेतो आणि मग ते पुन्हा उलटवणारी क्लोराइडची पद्धत वापरतो. त्यात एक पायरी वाढते, पण दोन्ही पायऱ्यांत क्लोराइड किंवा आम्ल मागूनच येते आणि त्यांपैकी कुठे किती तोटा झाला हे मधल्या अल्कोहोलचा ईई मोजून नेमके सांगता येते.